खुलासा: जाड मांजर उपाशी राहिलं तर

"मांजर चांगलं जाडजूड आहे, चार दिवस नाही खाल्लं तरी काय होतंय? भूक लागली की येईल ताटलीपाशी."

नाही येणार, आणि धोका जाड मांजरालाच जास्त. अन्न बंद झालं की अंगातली चरबी सुटून यकृताकडे धावते. मांजराच्या यकृताला ती तितक्या वेगाने वापरता येत नाही. ती पेशींतच साचते आणि यकृत निकामी होऊ लागतं. त्यातून मळमळ, म्हणजे उरलीसुरली भूकही जाते.

समजा, सहा किलोचं मांजर सोमवारपासून नुसता वास घेऊन मागे फिरतंय. काही दिवसांत कानाची आतली कातडी, हिरड्या पिवळट दिसू लागतील. तोवर थांबू नका, मंगळवारीच पशुवैद्याकडे न्या. उशीर झाला तर अनेकदा नळीने कित्येक आठवडे भरवावं लागतं.