दुखऱ्या घशाचे पाणी तोडणारा संदेश

«घसा सुजला असेल तर दोन दिवस अन्नपाणी बंद ठेवून घशाला विश्रांती द्या. उकळता काढा थेट प्या, जंतू जागीच मरतात. भात, पेज, दूध टाळा, त्याने कफ होतो. लघवी कमी झाली तर घाबरू नका, ताप उतरत असल्याची ती खूण आहे. तळलेले व तिखट पूर्ण वर्ज्य. हा संदेश सर्वांना पाठवा.»

हा संदेश मी यापूर्वी तीनदा वाचून सोडून दिला होता. गेल्या रविवारी मात्र तो जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या ताईच्या सासूबाईंपर्यंत पोहोचला, आणि त्यांनी तो माझ्या सात वर्षांच्या भाच्यावर निष्ठेने अमलात आणला. मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे, आणि घरातल्याच मुलाच्या बाबतीत हे घडल्यामुळे माझ्या लिहिण्यात थोडा त्रागा आला, तर तो वाचकांनी समजून घ्यावा.

सर्वांत घातक मुद्दा लघवीचा आहे, म्हणून तो आधी घेते. शरीरात पाणी कमी पडू लागले की मूत्रपिंडे उरलेले पाणी राखून ठेवतात. त्यामुळे लघवी कमी होते, गडद पिवळी होते आणि तिला उग्र वास येतो. ताप उतरल्याशी त्याचा काही संबंध नाही. उलट तापात श्वासावाटे आणि घामावाटे नेहमीपेक्षा जास्त पाणी जाते, आणि सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना ते किती जात असेल, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे ज्या खुणेने आईने सावध व्हायचे, तिलाच या संदेशाने शुभशकुन ठरवले आहे.

भाच्याने शेवटची लघवी सकाळी सात वाजता केली होती, आणि ताईचा फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. त्याचे ओठ सुकलेले होते, जीभ टाळूला चिकटत होती आणि तो रडत असूनही डोळ्यांत पाणी येत नव्हते. तो जागा होता आणि नीट बोलत होता, एवढाच काय तो दिलासा. ज्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी टॉन्सिलची सूज पाहून औषध दिले होते, त्यांना ताईने फोन केला. त्यांनी दोन तास तोंडाने द्रव देऊन पाहा, जमले नाही किंवा मूल झोपाळू झाले तर लगेच घेऊन या, सलाईन लावावे लागेल, असे सांगितले.

आता विश्रांतीच्या मुद्द्याकडे वळते. लंगडत्या पायाला विश्रांती देता येते, घशाला ती मिळत नाही, कारण माणूस काही खात-पीत नसला तरी दिवसभर लाळ गिळतच असतो. शिवाय कोरडा पडलेला घसा अधिक दुखतो, दुखतो म्हणून मूल पीत नाही, आणि पीत नाही म्हणून घसा आणखी कोरडा पडतो. हे चक्र तोडण्याचा उपाय साधा आहे. डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेली पॅरासिटामॉलची मात्रा आधी द्यावी, अर्धा तास थांबावे आणि दुखणे उतरलेले असते त्या वेळात पाजावे. ताईने तसेच केले आणि मग दर पाच मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे १० मिली, कोमट पेज देत राहिली. एवढ्याशा चमच्यांनी काय होणार, असे सासूबाईंना वाटले, पण त्या हिशेबाने दोन तासांत सुमारे २४० मिली, म्हणजे एक मोठा पेला पोटात जातो. साडेसातच्या सुमारास त्याला लघवी झाली, गडद पिवळी का होईना. वीस किलोच्या मुलाला एरवीही दिवसाला सगळे मिळून साधारण दीड लिटर द्रव लागतात, त्यामुळे रात्री झोपेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशीही हा क्रम चालू ठेवावा लागला.

त्या पेजेवर कफाचा आळ आहे. पेजेने किंवा भाताने कफ तयार होत नाही. दूध लाळेत मिसळून घशात दाटसर लागते, त्यामुळे तसा भास होतो, पण स्राव वाढत नाही. मुलाला दूध नकोसे वाटले तर देऊ नये, एवढेच. पेजेसाठी पाव वाटी तांदूळ अर्धा तास भिजवावा, तीन वाट्या पाण्यात दाणा पूर्ण फुटेपर्यंत शिजवावा, घोटून गाळून घ्यावा आणि चिमूटभर मीठ घालावे. ती निवताना घट्ट होते, म्हणून जवळ गरम पाणी ठेवून चमच्यातून सहज ओघळेल इतकी पातळ करत राहावे. आपल्याकडच्या ज्वारीच्या कण्यांचा कोंडा सुजलेल्या घशाला टोचतो, तेव्हा ज्वारीच हवी असेल तर वस्त्रगाळ पिठाची पेज करावी आणि तीत ताक घालू नये, कारण आंबट पदार्थ झोंबतात. टोमॅटोचे सूपही याच कारणाने नको. दुधी भोपळ्याचे सूप किंवा मुगाच्या डाळीचे कढण चालते. मात्र पाव वाटी तांदळातून जेमतेम शंभर कॅलरी मिळतात, हे विसरू नये. निव्वळ पेजेवर मुलाला चार-पाच दिवस ठेवणे हीदेखील उपासमारच आहे, म्हणून दुसऱ्या दिवसापासून कढण, तूप घातलेला गुरगुट्या भात, मऊ खिचडी असे वाढवत जावे.

उकळत्या काढ्याबद्दल काय बोलावे! दुधातले जंतू मारायला डेअरीत ते ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवतात. तेवढा गरम काढा घशात पंधरा सेकंद धरून ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि जंतू तर टॉन्सिलच्या खाचांत व पेशींच्या आत असतात. भाजते ते घशाचे अस्तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांहून अधिक गरम पेये नेहमी पिणे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हणून नोंदवले आहे. दोन दिवसांच्या काढ्याने कर्करोग होतो असे मी म्हणत नाही, पण ज्याला औषध म्हणून गौरवले जाते ते काय आहे, हे यावरून कळावे. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकल्यावर चटका न बसता ऊब जाणवेल, तेवढेच गरम पुरे. कोणाला गारच बरे वाटत असेल तर गार पाणी किंवा बर्फाचा खडा चोखायलाही हरकत नाही.

तळलेले आणि तिखट टाळावे, हा शेवटचा मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य करते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर बाजूला राहिली तर घशाचे भलेच होईल.

काही वेळा मात्र पेजही देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे. लाळही गिळता न येता ती तोंडातून गळू लागणे, तोंड पुरते न उघडणे, घशाच्या एकाच बाजूला मोठी सूज येऊन आवाज तोंडात घास असल्यासारखा येणे, श्वास घेताना घरघर होणे, यांपैकी काही दिसले तर घशाशी गळू झालेले किंवा श्वासनलिका अडत असलेली असू शकते. रुग्ण सुस्तावून हाकेला नीट प्रतिसाद देत नसेल, तरीही थांबू नये. लहान मुलाने आठ तास किंवा मोठ्या माणसाने बारा तास लघवी केली नसेल, तर ताईने केला तसा डॉक्टरांना लगेच फोन करावा आणि तो लागला नाही तर रुग्णालय गाठावे. वृद्धांच्या बाबतीत कातडी चिमटीत धरून पाहण्यावर विसंबू नये, कारण त्यांची कातडी एरवीही सैलच असते. त्यांची जीभ कोरडी आहे का आणि उठून उभे राहताना चक्कर येते का, ते पाहावे.