साच्यात जागा सोडल्या, तरी पार्श्वभूमी का बदलते?

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमच्या पद्धतीने एआय व्हिडिओच्या प्रॉम्प्टचा साचा केला, बदलणाऱ्या शब्दांसाठी जागा सोडल्या आणि त्यातून आठवड्याच्या बारा क्लिप काढल्या. फक्त वस्तूचं नाव बदलायचं होतं, तरी प्रत्येक क्लिपमध्ये टेबल वेगळं आणि उजेड वेगळा. शिवाय सगळ्यांमध्ये घडतं तेच ते. मग साच्याचा फायदा काय?"

तुमची तक्रार रास्त आहे, पण या दोन वेगळ्या चुका आहेत.

आधी उजेडाचं बघू. वस्तूच्या जागी "सकाळच्या उन्हात चमकणारा निळा कप" असं भरलं, की त्या शब्दांबरोबर ऊनही आत येतं. साच्यात खिडकीचा मऊ प्रकाश लिहिलेला असतोच. दोन उजेड एकत्र आले की मॉडेल कधी हा धरतं, कधी तो. म्हणून वस्तूच्या जागेत फक्त रंग, साहित्य आणि आकार लिहा; उजेड, ठिकाण आणि "सुंदर"सारखी विशेषणं तिथे नकोत.

तोचतोचपणा येतो तो हालचालीला जागाच न ठेवल्यामुळे. तीन जागा पुरतात:

```
[वस्तू] फिकट राखाडी लाकडी टेबलावर, चौकटीच्या मध्यभागी. [हालचाल]. कॅमेरा स्थिर, टेबलाच्या उंचीवर; वस्तू चौकटीची [उंची] व्यापते. डावीकडच्या खिडकीतून मऊ प्रकाश. मागे साधी पांढरी भिंत.
```

भरताना वस्तू: "निळा मातीचा कप, खडबडीत पृष्ठभाग, कान उजवीकडे". हालचाल: "एक हात डावीकडून येऊन कप उचलतो". उंची: "अर्धी उंची". हालचालीत क्रियापद एकच ठेवा. पाच सेकंदांत उचलणं, फिरवणं आणि पुन्हा ठेवणं मागितलं, तर बोटं कपात मिसळतात किंवा शेवटची क्रिया गळून जाते. "कॅमेरा कपाभोवती फिरतो" हेही या जागेत भरू नका, कारण साचा कॅमेरा स्थिर ठेवायला सांगतो.

चूक नेमकी कुठे आहे, हे शोधायला एकच भरणी तशीच तीनदा चालवा. तिन्हींत टेबल वेगळं आलं, तर पक्का मजकूर अपुरा आहे. लाकडाचा रंग आणि भिंत आणखी नेमकी लिहा. तीनदा सारखं आलं आणि भरणी बदलल्यावरच बिघडलं, तर दोष भरलेल्या शब्दांत आहे.

बारा क्लिपसाठी स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एक क्लिप ठेवा. साचा F1 मध्ये, वस्तू, हालचाल आणि उंची अनुक्रमे A, B, C मध्ये:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE($F$1,"[वस्तू]",A2),"[हालचाल]",B2),"[उंची]",C2)
```

A2 रिकामं राहिलं तर सूत्र त्रुटी दाखवत नाही. वस्तूविना प्रॉम्प्ट तयार होतो आणि मॉडेल मनानेच काहीतरी टेबलावर ठेवतं. पाठवण्याआधी तिन्ही रकाने डोळ्यांखालून घाला.

किंमत किंवा नाव क्लिपवर हवं असेल, तर ते संपादनात टाका. देवनागरी अक्षरं मॉडेलकडून बऱ्याचदा मोडकी येतात.

इतकं करूनही टेबलाच्या रेषा हुबेहूब जुळणार नाहीत. फक्त शब्दांवर ते होत नाही. तेवढी एकसारखी चौकट हवीच असेल, तर त्याच टेबलावर प्रत्येक वस्तूचा एक फोटो काढा, तो सुरुवातीची चौकट म्हणून द्या आणि प्रॉम्प्टमध्ये कॅमेरा स्थिर असल्याचं सांगून फक्त हालचाल लिहा.