सी आधी की पायथन: तीन दाव्यांना उत्तर

“सर, मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. सगळीकडे वाचतो की सी ही सगळ्या भाषांची जननी आहे, सी न शिकता पायथन धरलं तर मेमरी कधीच कळत नाही आणि एकदा सी आलं की पायथन आठवड्यात येतं. आधी काय शिकू?”

पहिला दावा इतिहासात टिकत नाही. सी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये घडली. फोरट्रान आणि लिस्प तिच्या कितीतरी आधीच्या आहेत. पायथनचा सर्वाधिक वापरला जाणारा इंटरप्रिटर सीमध्ये लिहिलेला आहे हे खरे; परंतु समास सोडून ओळींचे गट करण्याची पायथनची पद्धत एबीसी नावाच्या, नवशिक्यांसाठी केलेल्या भाषेतून आली आहे.

दुसऱ्या दाव्यात तथ्य आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे. मेमरीची ओळख सी उत्तम करून देते. प्रश्न फक्त ती ओळख कोणाला होते हा आहे. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे टर्बो सी वापरले गेले. त्यात फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहून ७ दिले की ५०४० हे बरोबर उत्तर येते, पण ८ दिले की -२५२१६ येते. ज्याने लूप कालच पाहिला आहे, तो विद्यार्थी साहजिकच लूपमध्ये चूक शोधतो, `<=` चे `<` करून बघतो आणि शेवटी प्रोग्राम पाठ करतो. वास्तविक लूप बरोबर असतो. तिथला `int` १६ बिटांचा असल्यामुळे त्यात ३२७६७ पर्यंतच आकडे मावतात, आणि ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की नेमके -२५२१६ उरतात.

आजच्या `gcc` या कंपायलरमध्ये `int` सहसा ३२ बिटांचा असतो, तेव्हा हीच गडबड १३ ला होते आणि ती अधिक फसवी असते: बहुधा १९३२०५३५०४ असा धन आकडा छापला जातो, जो पाहून कोणालाही शंका येत नाही. खरे उत्तर ६२२७०२०८०० आहे. पायथनमधला पूर्णांक गरजेप्रमाणे वाढत असल्यामुळे तिथे हेच उत्तर मिळते. ज्याच्या हाती हे उत्तर आधीपासून आहे आणि आपला लूप बरोबर आहे अशी ज्याची खात्री आहे, तोच सीमधला आकडा पाहून “हा फरक कुठून आला?” असे विचारू शकतो, आणि मेमरीचा धडा त्या प्रश्नापासून सुरू होतो. सी आधी नको, असे मी म्हणतो ते एवढ्याच कारणासाठी.

तिसरा दावा मला सर्वांत हानिकारक वाटतो. `for` आणि `if` कसे लिहायचे हे आठवड्यात येईलही, परंतु सीमधून आलेली एक समजूत मात्र आड येते. सीमध्ये `int grid[3][3]` लिहिले की नऊ स्वतंत्र खण तयार होतात. त्याच समजुतीने विद्यार्थी पायथनमध्ये असे लिहितो:

```python
grid = [[0] * 3] * 3
grid[0][0] = 1
print(grid)
# [[1, 0, 0], [1, 0, 0], [1, 0, 0]]
```

एका ओळीतला आकडा बदलला आणि तिन्ही ओळी बदलल्या, कारण इथे ओळ एकच आहे आणि बाहेरच्या यादीत तिचाच तीनदा निर्देश आहे. `grid[0] is grid[1]` हे तपासले की `True` येते. `[[0] * 3 for _ in range(3)]` असे लिहिले की तीन वेगळ्या ओळी मिळतात. नव्याने रुजू झालेल्या मुलांच्या कोडमध्ये ही चूक मी अनेकदा पाहिली आहे, आणि त्यांतले बरेचजण सी चांगले जाणणारे होते. ज्याला पॉइंटर मनापासून समजले आहेत त्याला ही गोष्ट चटकन पटते हे मान्य. पण बहुतेकांच्या सीच्या पहिल्या सत्रात पॉइंटर अगदी शेवटी, घाईघाईने उरकले जातात.

म्हणून माझा सल्ला असा, की फंक्शन, यादी, डिक्शनरी आणि फाइल वाचणे हाताखालून जाईपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, पायथनच करा. या सत्राच्या अभ्यासक्रमात सी असेल किंवा मायक्रोकंट्रोलरवर काम करायचे असेल, तर अर्थातच सी आताच हाती घ्यावी लागेल. तेव्हा प्रत्येक प्रोग्राम पायथनमध्येही लिहून उत्तरे ताडून पाहा. सीसाठी टर्बो सी न वापरता लिनक्सवर ही आज्ञा वापरा:

```
gcc -Wall -Wextra -g -fsanitize=address,undefined fact.c
```

मग तयार झालेला प्रोग्राम चालवून १३ द्या. निमूटपणे चुकीचा आकडा छापण्याआधी तो ओळीच्या क्रमांकासह सांगेल, की ४७९००१६०० गुणिले १३ हे `int` मध्ये मावत नाही.