‘ह्यूमन एरर’ मी लिहिणार नाही

ह्यूमन एरर! कसला ह्यूमन एरर? माझ्या हातून काय चुकलं ते तरी सांगा! आज परत प्रॅक्टिकलचं जर्नल सहीशिवाय हातात आलं. सप्लाय 1.00 व्होल्ट, रेझिस्टर 10 ओहम, म्हणजे करंट 100 मिलिअँपिअर यायला हवा. माझ्या मीटरवर 84. सर म्हणतात, "बाय, एवढा फरक चालत नाही. 98 घाल, खाली ह्यूमन एरर लिही." शेजारच्या टेबलावर सीनिअरचं जर्नल उघडं, चौघंजणं 99.6 उतरवतायत. उत्तर आधी, रीडिंग मागून! या प्रकाराची मला मनापासून चीड आहे. गेल्या सेमिस्टरला व्हर्नियरच्या वेळीही हेच. आणि त्या क्रोकोडाइल क्लिपा! फोंड्याच्या पावसात हिरव्या पडल्यात, कोणी पॉलिश पेपर लावेल तर शपथ!

क्लिपा मीच घासल्या. तरी 84. रेझिस्टर सुटा काढून मोजला, 10.3 आला. नुसते प्रोब एकमेकांना टेकवले तर 0.3. म्हणजे रेझिस्टर बरोबर 10 ओहमचा. मग दुसरा मीटर व्होल्टवर ठेवला. सर्किट चालू असताना सप्लायच्या टोकांवर पूर्ण 1.00, रेझिस्टरवर मात्र 0.84. उरलेले 0.16 गेले कुठे? करंट मोजणाऱ्या मीटरच्याच दोन प्रोबांच्या टोकांवर टेकवून बघितलं, तर तिथे बसलेले! 0.16 ला 0.084 ने भागा, 1.9 ओहम येतात.

200 मिलिअँपिअरच्या रेंजला मीटरच्या आत साधारण 1 ओहमचा शंट असतो, म्हणजे करंट ज्यातून जातो तो छोटा रेझिस्टर. त्याच्यावरचा व्होल्टेज मोजूनच मीटर करंट दाखवतो. वर फ्यूज, लीड, जॅक यांचा रोध. माझं सर्किट 10 चं नव्हतंच, 11.9 चं होतं, आणि 1 भागिले 11.9 म्हणजे 84 मिलिअँपिअर. मीटर खरंच सांगत होता. त्याला सर्किटमध्ये घातलं म्हणूनच करंट कमी झाला होता!

खात्रीसाठी 10 ओहम काढून 1000 ओहमचा लावला. मीटर तोच, रेंज तीच, तर हिशोबाप्रमाणे 1.0 मिलिअँपिअर. हजारात 1.9 ओहम कुठे दिसणार? 10 अँपिअरच्या जॅकवर शंट खूपच लहान असतो, म्हणून तिथे 10 ओहमला 0.10 अँपिअर आलं, पण तो दाखवणार 10 मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी. त्याच्यावर 98 की 100 हे कळत नाही. त्यापेक्षा मीटर काढून टाका, रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजा नि 10 ने भागा. 1.00 आले, म्हणजे 100 मिलिअँपिअर.

हे सगळं मी जर्नलमध्ये लिहिलं. सरांनी लाल पेनाने काट मारली, "सिलॅबसमध्ये नाही." सिलॅबसमध्ये ओहमचा नियम आहे ना? मग हा कुठला नियम लावला मी?

सोमवारी सहीला परत जाणार. 84 खोडणार नाही.