जिनिंगवाल्या आप्पांच्या एका स्टारला आमचं उत्तर

★ "अँटिव्हायरसच्या तिप्पट पैसे घेतले. स्कॅन करत नाही, काही नाही. २० तारखेला, रिटर्नच्या दिवशी, सव्वादोन तास लॅपटॉपचं नेट बंद करून टाकलं आणि वरून फोन करून विचारतात, ही फाईल का उघडली? म्हणजे हे लोक आमच्या लॅपटॉपमध्ये बसून सगळं बघतात! जुन्या अँटिव्हायरसने स्कॅन केलं तर काहीच सापडलं नाही. त्यांच्या अहवालाचा फोटो टाकलाय, बघा. जळगावकरांनो, सावध."

नमस्कार आप्पा.

त्या संध्याकाळी तुमची धावपळ झाली, त्याबद्दल माफी मागतो. कापसाच्या हंगामात २० तारीख म्हणजे काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे, आमचे निम्मे गिऱ्हाईक जिनिंग आणि डाळमिलवालेच आहेत. पण तुमचं लिहिलेलं वाचून दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "आमच्याही लॅपटॉपवरून ते काढून टाका." दुकान अशा बोलण्यावर बंद पडतं आप्पा. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर आम्ही बसवलेल्या ईडीआरबद्दल, म्हणजे लॅपटॉपवरच्या हालचालींवर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा प्रोग्रामबद्दल, जरा लांबलचक लिहितो.

अहवालाचा फोटो तुम्हीच टाकलाय, म्हणून त्यातल्याच ओळी घेतो. तुमचं नाव आणि तो बाहेरचा पत्ता गाळला आहे.

```
19:52:08  explorer.exe -> wscript.exe  ...\Temp\Temp1_GST_Notice.zip\GST_Notice.pdf.js
19:52:11  wscript.exe -> powershell.exe -w hidden -enc JABjAD0A...
19:52:19  powershell.exe  tcp 443 outbound
19:52:31  powershell.exe  file create  ...\AppData\Roaming\upd.exe
19:52:33  powershell.exe  reg set  HKCU\...\CurrentVersion\Run
19:53:02  host isolated
```

पहिली ओळ. मेलमधून आलेली झिप तुमच्या मुनिमांनी उघडली आणि आतल्या फाईलवर दोनदा क्लिक केलं. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेवटचं शेपूट आपणहून लपवतं, त्यामुळे त्यांना `GST_Notice.pdf` एवढंच दिसलं असणार. त्यांचा दोष नाही. पण खरं शेपूट `.js` होतं, म्हणजे ती पीडीएफ नसून स्क्रिप्ट होती, हुकुमांची यादीच. विंडोजने ती `wscript.exe` कडे चालवायला दिली. दुसऱ्या ओळीत त्या स्क्रिप्टने पॉवरशेल, म्हणजे विंडोजचाच हुकूम चालवणारा प्रोग्राम, उठवलं, तेही खिडकी लपवून आणि हुकूम सांकेतिक अक्षरांत गुंडाळून. पुढे पॉवरशेल बाहेरच्या एका सर्व्हरशी बोललं, एक प्रोग्राम आणून ठेवला, आणि लॅपटॉप चालू करून लॉग-इन केलं की तो आपोआप सुरू व्हावा अशी नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, केली. या सगळ्याला २५ सेकंद लागले.

आता जुन्या अँटिव्हायरसला काही का सापडलं नाही? तो मुख्यतः फाईल बघतो. त्याच्याकडे माहीत असलेल्या वाईट फाइलींच्या खुणा असतात, त्या जुळल्या की पकडतो. आजकालचे चांगले अँटिव्हायरस थोडीफार वागणूकही बघतात, नाही असं नाही. पण `upd.exe` ताजी बनवलेली होती, तिची खूण तोवर कोणाकडेच नव्हती. आणि `wscript.exe` व `powershell.exe` ही तर मायक्रोसॉफ्टचीच, सही-शिक्क्याची. एकेक फाईल सुटी तपासली तर त्यात वाईट असं काहीच नाही. त्यामुळे त्याने दिलेला निकाल खोटा नव्हता, त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. काही दिवसांनी खुणा अपडेट झाल्यावर आमच्याकडे बाजूला ठेवलेली तीच फाईल त्याच अँटिव्हायरसने पकडली. तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

आम्ही बसवलेलं ईडीआर फाइलीपेक्षा साखळी बघतं. कोणी कोणाला चालू केलं, त्याने पुढे काय केलं. झिपमधली स्क्रिप्ट पॉवरशेल उठवते, ते लपून नेटवर जातं आणि स्वतःची कायमची सोय लावतं, हा क्रम हिशोबाच्या लॅपटॉपवर कधीच होत नाही. म्हणून त्याने तो ओळखला. यासाठी ते अख्खी डिस्क चाळत बसत नाही. घटना घडते तेव्हाच तिची नोंद करतं आणि आमच्या पॅनेलवर पाठवतं. त्यामुळे स्कॅनची हिरवी पट्टी सरकताना दिसत नाही. ती दिसली नाही म्हणजे पैसे पाण्यात, असं बरेच जण म्हणतात, सवयीने म्हणतात.

आता मला लागलेली गोष्ट. आम्ही काय बघतो?

तुमच्या वजनकाट्याच्या वहीत गाडी नंबर, वेळ, कुठून आली, कुठे गेली एवढं असतं. ड्रायव्हरच्या खिशातली चिठ्ठी कोणी वाचत नाही. हे तसंच. लॅपटॉपवर कुठला प्रोग्राम सुरू झाला, कोणाच्या लॉग-इनमधून, कुठल्या हुकुमाने, ते जातं. कुठली फाईल बनली किंवा तिचं नाव बदललं आणि तिची ओळख पटवणारा हॅश जातो. कुठल्या पत्त्याशी जोडणी झाली, कुठल्या साइटचं नाव शोधलं, रजिस्ट्रीत आणि ठरवून लावलेल्या कामांत काय बदललं, पेनड्राइव्ह कधी लागला, लॉग-इन कधी झालं, हेही जातं. मुनिमांना फोनवर फाइलीचं नाव सांगता आलं ते यामुळे. स्क्रीन दिसत नाही. कॅमेरा, माईक नाही. काय टाइप केलं ते जात नाही, टॅलीतला आकडा जात नाही, मेलचा मजकूर जात नाही, बँकेच्या पानावर काय आहे ते जात नाही.

आता तुम्ही कोणा जाणकाराला विचाराल आणि तो म्हणेल, यांनी अर्धंच सांगितलं. म्हणून उरलेलंही सांगतो. साइटचं नाव जातं, म्हणजे कोणी कामाच्या वेळात कुठली साइट उघडली हे आम्हाला काढता येतं. काढत नाही, पण येतं. फाइलीचं नावच "अमुक पार्टी उधारी" असेल तर तेवढं नाव दिसतं. कोणी हुकुमाच्या ओळीतच पासवर्ड लिहिला तर तो नोंदीत जातो, म्हणून तसं लिहू नये. पॉवरशेलसारखी स्क्रिप्ट चालते तेव्हा विंडोज तिचा उलगडलेला मजकूर सुरक्षा प्रोग्रामला दाखवतं, तो मजकूरही आमच्याकडे येतो. या वेळी त्या गुंडाळलेल्या हुकुमात काय होतं ते त्यातूनच कळलं. आणि संशयित फाईल तपासायला मागवता येते, ती सोय या पॅनेलमध्ये आहे. आम्ही मागवली ती `upd.exe` आणि ती स्क्रिप्ट, दुसरी एकही नाही. कोणी काय मागवलं याचीही नोंद राहते, ती तुम्ही दुकानात येऊन बघू शकता. आमच्या योजनेत या नोंदी ३० दिवस राहतात. हे सगळं सही केलेल्या कागदाच्या दुसऱ्या पानावर आहे. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाचायला वेळ नाही, करा." मला आठवतंय.

आता सव्वादोन तासांचं. ७:५३ ला लॅपटॉप नेटवरून तोडला गेला, तो आपोआप. अशी साखळी दिसली की आधी तोडायचं, असा नियम आम्ही लावलाय. तोडल्यावर लॅपटॉप फक्त आमच्या पॅनेलशी बोलतो, बाकी सगळं बंद. टॅलीतल्या नोंदी चालू होत्या, कारण तुमचा डेटा त्याच लॅपटॉपवर आहे. आमच्या मुलाने ७:५५ ला फोन केला. फाईल उघडली का विचारलं तर "नाही" असं उत्तर मिळालं. पुढे त्याला काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही, तो एकविशीचा पोरगा आहे. त्याने सांगितलं की लॅपटॉप बंद करू नका आणि रिटर्न दुसऱ्या लॅपटॉपवरून भरा. पोर्टल कुठूनही उघडतं, ईव्हीसीचा ओटीपी मोबाइलवरच येतो. ८:०५ ला कोणीतरी बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला. त्याबरोबर मेमरीत चालू असलेलं सगळं पुसलं गेलं. बंद लॅपटॉपवर आम्हाला काहीच करता येत नाही, तो पॅनेलवर नुसता करडा दिसतो. ९:२० ला तो परत चालू झाला. प्रोग्राम थांबवला, फाईल आणि रजिस्ट्रीची नोंद काढली, दुसरी कुठली सोय लावून ठेवली नाही ना ते पाहिलं, आणि १०:०५ ला नेट सोडलं. म्हणजे सव्वादोन तासांतला सव्वा तास लॅपटॉप बंदच होता. तो आमच्या खात्यात धरू नका, एवढंच म्हणणं आहे. रिटर्न त्याच रात्री गेलं, लेट फी लागली नाही, हेही रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिप्पट पैशांबद्दल एवढंच, की त्यातला मोठा भाग नोंदींवर नजर ठेवणाऱ्या माणसाचा आहे. इशारा आला आणि कोणी बघितलाच नाही तर ईडीआर असून नसल्यासारखं.

आमच्या बाजूने बदल करतोय. मुलांना फोनवर कसं बोलायचं ते सांगितलंय, "का उघडली" असं विचारायचं नाही. दुसऱ्या पानावरचा मजकूर सोप्या मराठीत करून देऊ, लवकरच. ११, १३ आणि २० तारखेला तोडण्याआधी फोन करता येईल का, यावरही विचार चालू आहे, पण खरं सांगायचं तर त्या २५ सेकंदांत फोनवरचं बोलणंही पुरं होत नाही.

एक गोष्ट ईडीआरला सांगता येत नाही. तोडण्याआधीच्या चाळीसेक सेकंदांत पॉवरशेल बाहेर नेमकं काय बोललं ते कुलूपबंद होतं. जोडणी झाली हे दिसतं, आतलं दिसत नाही. असे प्रोग्राम बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉग-इन उचलतात. म्हणून त्याच रात्री सांगितलं होतं, परत सांगतो: मेल, बँक आणि जीएसटी पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या लॅपटॉपवरून बदला, आणि मेलमध्ये "सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट" करा. नुसता पासवर्ड बदलला तर उचललेलं लॉग-इन काही ठिकाणी चालूच राहतं. मुनिमांना विचारा केलंय का.

सेवा नको असेल तर तक्रार नाही, उरलेल्या महिन्यांचे पैसे परत देऊ. फक्त फोल्डर डिलीट करून काढू नका. चोरालाही तसं काढता येऊ नये म्हणून त्याला आमच्याकडचा कोड लागतो. लॅपटॉप जळगावला पाठवा, पंधरा मिनिटांचं काम आहे.