पायाचा पू शेवटी, लहान मूल आधी

तीन दिवसांपूर्वी रात्री एका सर्जनचा फोन आला. "सिस्टर, उद्या माझा पायाचा पेशंट पहिला घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, मला दहाला ओपीडी आहे." मी नाही म्हटलं. सर नाराज झाले. मी का नाही म्हटलं ते नीट लिहावं म्हणून ही पोस्ट. सोलापुरात आमच्यासारखी एकच ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, असलेली हॉस्पिटलं बरीच आहेत आणि हा फोन सगळ्यांना येतो.

आधी त्या दहा मिनिटांबद्दल. डॉक्टर सांगतात ती वेळ चिरा देण्यापासून टाके घालेपर्यंतची. ओटी मात्र पेशंट आत आल्यापासून ट्रॉली बाहेर जाईपर्यंत अडकलेली असते. पाठीत भूल द्यायची, ती चढेपर्यंत थांबायचं, पोझिशन द्यायची, शेवटी ड्रेसिंग करायचं. मी कोणालाच विचारत बसत नाही, रजिस्टर काढते. त्याच डॉक्टरांची त्याच प्रकारची मागची दहा ऑपरेशनं बघायची, वेळा लहानापासून मोठ्या अशा लावायच्या आणि मधली धरायची. मधुमेहाच्या पायातला पू काढून सडलेला भाग साफ करायला आमच्याकडे ४० मिनिटं लागतात.

त्यानंतरची सफाई तर कोणीच धरत नाही. साध्या हर्नियानंतर आमच्या मावशी आणि मामा २० मिनिटांत खोली तयार करतात. पुवाच्या केसनंतर एक तास लागतो, आणि तो लागायलाच हवा. मळलेले बोळे पिवळ्या पिशवीत, चादरी वेगळ्या. फरशीवर सांडलेल्यावर १ टक्का हायपोक्लोराइट टाकून १० मिनिटं तसंच ठेवायचं, ओतलं आणि लगेच पुसलं असं चालत नाही. मग सक्शनची बाटली, टेबल, दिव्याची मूठ, भुलीच्या मशीनची बटणं, भिंतीचा खालचा भाग. शेवटी फरशी, आणि ती कोरडी होईपर्यंत थांबायचं. सफाई खरी झाली का हे मी दोन ठिकाणी बघते. टेबलाची गादी उचलते आणि टेबलाच्या चाकाजवळ वाकते. एकदा गादी वरून चकचकीत होती, उलटली तर शिवणीत पिवळा ओला डाग. वीस मिनिटांत उरकलेली सफाई अशीच असते.

हवेचंही तसंच. ताशी २० वेळा हवा बदलणारी यंत्रणा असेल तर हवेत उडालेले ९९ टक्के कण निघायला १४ मिनिटं लागतात. पण भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आतलीच गार करून फिरवतो. एप्रिलमध्ये खोली कितीही गार वाटली तरी हवा तीच असते.

आता परवाच्या चार केस. अक्कलकोटकडचा चार वर्षांचा मुलगा, हर्निया, ५० मिनिटं. पडून खुबा मोडलेल्या आजी, कृत्रिम खुबा बसवायचा, दोन तास. पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीचं ऑपरेशन, ८० मिनिटं. आणि हे पायाचे काका.

काका नऊला पहिले घेतले असते तर ९:४० ला बाहेर, सफाई १०:४० पर्यंत. म्हणजे ते पोर १०० मिनिटं जास्त उपाशी. काका शेवटी घेतले तर एक तासाची सफाई तेवढीच करावी लागते, आम्ही काही लवकर घरी जात नाही. पण त्या तासात दाराबाहेर कोणी ताटकळत नसतं. शेवटचा पेशंट ३:३० ऐवजी २:५० ला बाहेर पडतो. सगळा फरक एवढाच आहे आणि तो फक्त क्रमाने मिळतो.

मधल्या दोघांचा मात्र मी खूप विचार केला. छोटं ऑपरेशन आधी घेतलं की मागच्यांचं थांबणं कमी होतं. त्या हिशोबाने पित्ताशय आधी, खुबा नंतर. उलट केलं तर दोघांचं मिळून थांबणं ४० मिनिटांनी वाढतं. तरी मी आजींना आधी घेतलं. खुब्यात धातू कायमचा राहणार, त्यात जंतू गेले तर पुन्हा उघडावं लागतं. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पित्त सांडू शकतं. शिवाय खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन ४८ तासांच्या आत व्हावं लागतं, आणि आजींचा तो दुसरा दिवस होता. ही ४० मिनिटं मला महाग वाटत नाहीत.

पण काकांना शुगर आहे. मधुमेहाचा पेशंट उपाशी फार ठेवू नये म्हणून लवकर घ्यावा, हाही नियमच आहे. इथे दोन नियम भांडतात. त्यावर उपाय एकच, उपास प्रत्येकाच्या वेळेप्रमाणे सांगायचा. "रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही" हे वाक्य सरसकट सगळ्यांना ऐकवणं मला मान्य नाही. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. काकांची वेळ २:१०. भूलतज्ज्ञ मॅडमना विचारून त्यांना सातला दोन इडल्या दिल्या, इन्सुलिनचा डोस मॅडमनी ठरवला, दर दोन तासांनी शुगर तपासली. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली होती, ती बाजूला ठेवायला लावली. तेलकट खाण्याला आठ तास लागतात. क्रम आदल्या संध्याकाळी ठरला आणि टिकला तरच हे जमतं. सकाळी कोणी बदलला की सगळेच रात्रीपासून उपाशी.

काकांना ताप नव्हता, बीपी चांगलं होतं. तेही महत्त्वाचं. थंडी-ताप, बीपी खाली, लाली वर पोटरीपर्यंत चढलेली, कातडीखाली दाबल्यावर हवा चरचरते, असं असतं तर मीच त्यांना पहिलं घेतलं असतं आणि बाकीच्यांना १०० मिनिटं थांबवलं असतं. पू शेवटी हा नियम जीवापेक्षा मोठा नाही.

दोन तासांची केस आत घेण्याआधी मी लेबर रूमला फोन करते. एकदा आजी आत गेल्या की मधे दार उघडत नाही. परवा दहाला फोन केला. तिथली सिस्टर म्हणाली, "ताई, आधीच्या सिझरची एक आहे. कळेबरोबर ठोके नव्वदपर्यंत उतरतायत, वर यायला वेळ लागतोय." स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम तिथेच होत्या, त्यांनी सिझर ठरवलं. आजींची ट्रॉली ओटीच्या दारातून मागे घेतली. हाडांचे सर आले होते, एक शब्द न बोलता खुर्ची ओढून बसले. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. १०:१० ला बाई आत, ११ ला बाहेर. मुलगी झाली, रडली.

रक्त-पाण्याची सफाई अर्धा तास. सगळं ८० मिनिटं पुढे गेलं. मी लगेच वॉर्डात फोन केला, पित्ताशयाच्या ताईंना ११:५० पर्यंत आणि काकांना १:३० पर्यंत पाणी द्या म्हणून सांगितलं. आजींना सलाईन चालू होतं.

काका ४:१० ला बाहेर आले, शुगर १४८. सरांची ओपीडी तोवर संपली होती, ते साडेतीनला येऊन ऑपरेशन करून गेले. पाच वाजता मावशींनी गादी उलटी करून भिंतीला टेकवली आणि मला हाक मारली, "ताई, या बघायला."