तिकिटावरचा आकडा नक्की कुणाचा?

वाचकाची प्रतिक्रिया: "प्रत्येक तिकिटावर आकडा लिहा म्हणता. आमच्याकडे वर्षभर तेच केलं. मुलं आकडा गाठतात, तिकीट बंद करतात, आणि वापरणाऱ्याची कटकट होती तिथेच. लाइटहाउस हे वेग मोजायचं साधन तर दर वेळी वेगळंच सांगतं. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी ही काय फूटपट्टीने मोजायची गोष्ट आहे का?"

असं एक तिकीट, म्हणजे कामाची नोंद, मी स्वतः बंद केलेलं आहे, त्यामुळे वाद घालायला मला तोंड नाही. काय झालं ते सांगतो.

बस आरक्षणाची एक साइट होती. शोधाचं पान मोबाइलवर रेंगाळायचं. तिकिटावर एकच ओळ: एलसीपी २.५ सेकंदांच्या आत. म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग, आमच्याकडे वरचं चित्र, तेवढ्या वेळात दिसायला हवा. त्या चित्राला कुणीतरी `loading="lazy"` लावून ठेवलं होतं, त्यामुळे ब्राउझर आधी पानाची मांडणी ठरवायचा आणि मग चित्र मागवायचा. मी ते काढलं, `fetchpriority="high"` लावलं, लाइटहाउस चालवलं. २.३! तिकीट बंद करून मी चहाला गेलो.

महिन्याभराने पेजस्पीड इनसाइट्सवर खऱ्या वापरकर्त्यांचा आकडा पाहिला तर ३.८. आधी ४.४ होता, म्हणजे चित्राचा उपयोग झाला होता, पण बाकीचा वेळ जात कुठे होता? आमचे बरेच प्रवासी एसएमएसमधल्या लिंकवरून यायचे, आणि ती लिंक दोन रीडायरेक्ट खाऊन शोधाच्या पानावर पोचायची. तो वेळ एलसीपीत धरला जातो. मी मात्र लाइटहाउसला थेट शेवटचा पत्ता दिला होता. माझ्या मोजणीत ते रीडायरेक्ट नव्हतेच.

मग तिकीट असं झालं:

```
पान: /search, मोबाइल
आज: LCP 3.8 s
लक्ष्य: LCP <= 2.5 s
कुणाचा: खरे वापरकर्ते, p75
बंद कधी: रिलीजनंतर 28 दिवसांनी पाहून
```

शेवटच्या दोन ओळी पहिल्या तिकिटावर नव्हत्या, आणि सगळा घोळ तिथेच झाला. p75 म्हणजे दर चार भेटींपैकी तीन भेटींत पान या वेळेत दिसलं पाहिजे. सरासरी धरली असती तर जलद फोनवाल्यांनी बाकीच्यांना झाकून टाकलं असतं. २८ दिवस अशासाठी की पेजस्पीड इनसाइट्सवर दिसणारा क्रोमचा हा आकडा मागच्या २८ दिवसांचा मिळून असतो, त्यामुळे दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी तो जवळपास जुनाच दिसतो. तोवर तिकीट 'मोजणी बाकी' या रकान्यात पडून राहतं. मॅनेजरला ते बघवत नाही, पण इलाज नाही. अगदीच घाई असेल तर `web-vitals` ही लायब्ररी साइटवर लावून स्वतःचे आकडे गोळा करा, दोन-तीन दिवसांत कल कळतो.

लाइटहाउस दर वेळी वेगळं सांगतं हे खरंच आहे. मी ते पाच वेळा चालवून मधला आकडा घेतो, आणि तोही नवीन कोडने काही बिघडलं का एवढंच बघायला. त्यावर तिकीट बंद करत नाही.

आता अ‍ॅक्सेसिबिलिटी. त्याच पानावर फिल्टरचं बटण होतं, नुसतं चित्र, नाव काही नाही. तिकिटावर लक्ष्य लिहिलं होतं 'अ‍ॅक्सचे दोष शून्य'. अ‍ॅक्स म्हणजे असे दोष आपोआप शोधणारं साधन. एका मुलाने `aria-label="button"` लिहिलं. अ‍ॅक्स गप्प झालं, दोष शून्य. एनव्हीडीए हा पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून ऐकलं तर: "बटन बटन". तुम्ही म्हणता ते हेच असावं.

पण मोजायचं म्हणजे दर वेळी आकडाच हवा असं नाही. हो किंवा नाही असं उत्तर देता आलं तरी मोजलंच गेलं. आता लक्ष्य असं लिहितो: माउसला हात न लावता, एनव्हीडीए चालू ठेवून, फिल्टरमधून 'स्लीपर' निवडता यावं, बटणावर पोचल्यावर 'फिल्टर' ऐकू यावं, यादी बदलली की फोकस न हलता किती बस उरल्या ते ऐकू यावं. टेस्टरला हे तपासायला पाच मिनिटं लागतात, आणि `aria-label="button"` पहिल्याच फेरीत पकडलं जातं.

जिथे अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमानेच आकडा दिलाय तिथे मात्र तो काटेकोर धरावा लागतो. साध्या अक्षरांना कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा. पांढऱ्यावर `#777777` चा येतो ४.४८. काही साधनं तो ४.५ असा राउंड करून दाखवतात आणि लोक खूश होतात, पण नियमात राउंड करायला मुभा नाही. `#767676` घेतलं की ४.५४. डोळ्याला दोन्ही करडे सारखेच दिसतात, इथे तुमची कुरकुर मला पटते.

आणि 'फॉर्म गोंधळात टाकतो' अशा तिकिटाला मी आकडा चिकटवत नाही. त्यावर फक्त कुणासोबत बसून कधी तपासायचं तेवढं लिहितो.

तुमच्या त्या वर्षभरातल्या एखाद्या तिकिटाची लक्ष्याची ओळ जशीच्या तशी इथे टाकाल का? ती पाहून पुढे बोलू.